खमध्यावरचा तारा आणि दीड टक्क्याचा खळगा: एचडी २०९४५८ चे अधिक्रमण पुण्यातून कसे मोजावे

पुण्याचा अक्षांश उत्तर १८ अंश ३१ कला आहे आणि एचडी २०९४५८ या ताऱ्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, सध्या जवळजवळ १९ अंश उत्तर आहे. त्यामुळे हा तारा पुण्याच्या खमध्यापासून जेमतेम अर्ध्या अंशावरून, म्हणजे पूर्णचंद्राच्या बिंबाएवढे अंतर राखून, रोज पश्चिमेकडे जातो. त्याच्या तेजाची प्रत ७.६५ असल्याने तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, परंतु साध्या दुर्बिणीतून सहज सापडतो. भाद्रपदा चौकोनाची पश्चिमेकडील बाजू म्हणजे पूर्वा भाद्रपदेचे दोन तारे, आणि त्यांच्यापासून आणखी चौदा-पंधरा अंश पश्चिमेला गेले की आपण त्याच्या परिसरात पोहोचतो.

या ताऱ्याला खगोलशास्त्रात मान आहे तो एका खळग्यामुळे. एक ग्रह त्याच्याभोवती फिरतो हे ताऱ्याच्या वर्णपटातील डुलण्यावरून आधीच कळले होते. सप्टेंबर १९९९ मध्ये डेव्हिड शार्बोनो आणि टिमोथी ब्राउन यांनी अमेरिकेतील बोल्डर येथे अवघ्या दहा सेंटीमीटर व्यासाच्या दुर्बिणीने ९ आणि १६ तारखेला त्याचा प्रकाश मोजला, आणि दोन्ही रात्री तो सुमारे दीड टक्क्याने उतरून पुन्हा पूर्ववत झालेला आढळला. ग्रेगरी हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वतंत्रपणे तीच घट दिसली. दुसऱ्या ताऱ्यासमोरून ग्रह जाताना पकडला गेल्याची ही पहिली वेळ होती. २००४ साली आपल्याकडे अनेकांनी शुक्राचे अधिक्रमण काळा चष्मा लावून पाहिले, तोच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे ताऱ्याचे बिंब दिसत नाही, ग्रहाचा ठिपकाही दिसत नाही, आणि हाती राहतो तो फक्त प्रकाशाचा हिशेब.

हा हिशेब पुण्यातील एखाद्या गच्चीवरून कसा मांडावा, आणि मांडल्यावर त्यातून ग्रहाविषयी काय-काय निघते, हे या एकाच ताऱ्याच्या आधारे येथे सांगितले आहे. दुसरा कोणताही तारा घेतला तरी रीत हीच राहते. सुरुवात मात्र याच ताऱ्याने करावी असे माझे मत आहे, कारण तो तेजस्वी आहे, खळगा खोल आहे आणि उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे आपली चूक लपून राहत नाही.

कोणती रात्र निवडावी

ग्रहाचा प्रदक्षिणाकाळ ३.५२४७४८५९ दिवस आहे. या आकड्याकडे थोडे निरखून पाहिले की पुण्यातील निरीक्षकाचे सगळे वेळापत्रक त्यातच दडलेले दिसते. दोन प्रदक्षिणा म्हणजे ७.०४९५ दिवस, अर्थात सात दिवस आणि ७१ मिनिटे. म्हणजे एखाद्या शुक्रवारी रात्री अधिक्रमण झाले, तर पुढच्या शुक्रवारी ते ७१ मिनिटे उशिरा होणार. मधले अधिक्रमण साडेतीन दिवसांनी येते, आणि तो अर्धा दिवस त्याला आपल्याकडच्या दिवसाउजेडी नेऊन टाकतो. बोल्डरच्या दोन तारखांमध्येही सात दिवसांचे अंतर होते, ते याच कारणाने.

वेळा काढण्यासाठी तयार संकेतस्थळे आहेत, परंतु एकदा तरी हाताने हिशेब करावा. त्यासाठी एका जुन्या, नेमकेपणाने मोजलेल्या अधिक्रमणाची वेळ ज्युलियन दिनांकात, म्हणजे दिवसांच्या सलग मोजणीत, घ्यायची आणि तीत प्रदक्षिणाकाळाच्या पटी मिळवत जायच्या:

```python
T0 = 2452826.62852
P = 3.52474859
jd = 2460584.5      # 2024-10-01, 00:00 UT
n = int((jd - T0) / P) + 1
for i in range(n, n + 8):
    print(i, round(T0 + i * P, 4))
```

या यादीतील २२०४ क्रमांकाची ओळ `2460595.1744` अशी येते. ज्युलियन दिवस जागतिक वेळेच्या दुपारी बारा वाजता, म्हणजे आपल्या सायंकाळी साडेपाच वाजता सुरू होतो. ०.१७४४ दिवस म्हणजे ४ तास ११ मिनिटे, म्हणून ही वेळ ११ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री ९ वाजून ४१ मिनिटांची ठरते. येथेच पहिली खोच आहे. हा हिशेब सूर्यापाशी उभ्या असलेल्या निरीक्षकाचा आहे. ऑक्टोबरमध्ये पृथ्वी सूर्यापेक्षा या ताऱ्याच्या अलीकडच्या बाजूला असते, त्यामुळे तोच प्रकाश आपल्याला साडेपाच-सहा मिनिटे आधी मिळतो. म्हणून पुण्यातील अधिक्रमणाचा मध्य ९ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास येतो.

अधिक्रमण एकूण ३ तास ४ मिनिटे चालते. त्या रात्री ते ८ वाजून ३ मिनिटांनी सुरू होऊन ११ वाजून ७ मिनिटांनी संपणार होते, आणि तारा याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे खमध्यातून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, सव्वानऊच्या सुमारास येणार होता. दसऱ्याच्या आदल्या रात्रीची ही वेळ कागदावर तरी यापेक्षा चांगली मागता आली नसती. त्याच महिन्यातील इतर रात्री पाहिल्या म्हणजे निवड किती आखूड असते हे कळते. ४ ऑक्टोबरला ग्रह ताऱ्याच्या बिंबावर शिरला तेव्हा पुण्यात संधिप्रकाश होता. १८ ऑक्टोबरची वेळ सोयीची होती, पण कोजागिरी नुकतीच होऊन गेलेली असल्यामुळे चंद्र जवळजवळ पूर्ण होता. २५ ऑक्टोबरला अधिक्रमण संपेपर्यंत रात्रीचे दीड वाजतात आणि तारा क्षितिजापासून सतरा-अठरा अंशांवर उतरलेला असतो. दुसरी मालिका, म्हणजे आता दिवसा पडणारी अधिक्रमणे, सरकत-सरकत सायंकाळी येईपर्यंत डिसेंबर उजाडतो आणि तोवर तारा मावळतीला लागतो. त्याआधीचा ऑगस्ट-सप्टेंबरचा काळ ताऱ्यासाठी उत्तम असतो, पण पुण्यात तो ढगांचा असतो. एकूण हंगामात दोन, फार तर तीन रात्री मिळतात, आणि परतीच्या पावसाला त्यांपैकी एखादी द्यावी लागते.

रात्र निवडताना खळग्याच्या दोन्ही बाजूंना किमान पाऊण-पाऊण तास मोकळा मिळतो की नाही हे आधी पाहावे. खळग्याची खोली मोजायची ती आजूबाजूच्या सपाटीपासून. सपाटीच हाती नसेल तर खोली कशापासून मोजणार?

छायाचित्रे घेताना

२०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स, डीएसएलआर कॅमेरा आणि ताऱ्यांच्या गतीने फिरणारे विषुववृत्तीय माउंट एवढे साहित्य या ताऱ्याला पुरते. अशा लेन्समध्ये साधारण सहा गुणिले चार अंशांचे आकाश मावते, आणि हा मोठा लाभ आहे. आपल्याला तुलनेसाठी जवळपास तितक्याच तेजाचे तारे त्याच चौकटीत हवे असतात, आणि मोठ्या दुर्बिणीच्या अरुंद चौकटीत सातव्या-आठव्या प्रतीचे पुरेसे तारे सहसा सापडत नाहीत.

छायाचित्रे रॉ स्वरूपातच घ्यावीत. जेपीईजी तयार करताना कॅमेरा उजेडाचे आकडे आपल्या मर्जीने वाकवतो, आणि मग दीड टक्का घट म्हणजे नेमकी किती हे सांगता येत नाही. आयएसओ एकदा ठरवावा, २०० किंवा ४००, आणि रात्रभर तो बदलू नये. कॅमेऱ्यातील नॉइज कमी करण्याची सोय बंद करावी. उघडझाप साठ सेकंदांची ठेवावी.

फोकस मुद्दाम थोडा बिघडवावा. तारा टोकदार ठेवला तर त्याचा बहुतेक प्रकाश तीन-चार पिक्सेलांवर पडतो, ते पिक्सेल भरून वाहतात आणि माउंट किंचित हलले तरी तारा वेगळ्या संवेदनशीलतेच्या पिक्सेलांवर सरकतो. तोच प्रकाश दहा-पंधरा पिक्सेल रुंदीच्या गोल डागात पसरवला की दोन्ही त्रास कमी होतात. सर्वांत उजळ पिक्सेल पूर्ण क्षमतेच्या साठ-सत्तर टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. सुंदर छायाचित्रे काढण्याची सवय असलेल्यांना हे जड जाते. माझ्या एका मित्राने असा डाग पाहून "लेन्स बदल रे आता" असे सांगितले होते.

आता पुण्यासाठी खास असलेली अडचण. तारा डोक्यावरून जातो हे वातावरणाच्या दृष्टीने उत्तम, कारण तेथे प्रकाशाला हवेचा सर्वांत पातळ थर भेदावा लागतो. परंतु माउंटच्या दृष्टीने ही जागा सर्वांत वाईट आहे. नेहमीच्या वजनदांडीच्या विषुववृत्तीय माउंटवर तारा याम्योत्तर वृत्त ओलांडतो तेव्हा दुर्बीण दुसऱ्या बाजूला फिरवून घ्यावी लागते, नाहीतर नळी तिवईच्या पायावर आपटते. दुर्बीण फिरवली की चौकट १८० अंशांनी उलटते आणि प्रत्येक तारा सेन्सरच्या अगदी वेगळ्या कोपऱ्यात जाऊन बसतो. ११ ऑक्टोबरच्या उदाहरणात ही उलटापालट सव्वानऊला, म्हणजे खळग्याच्या ऐन मध्याच्या थोडी आधी येते.

एका वर्षी मी नेमके हेच केले. अर्ध्या वाटेवर माउंट फिरवले, तारा पुन्हा चौकटीत आणला आणि पहाटे आलेख काढला, तेव्हा खळग्याच्या तळाशी एक पायरी दिसली. पायरीच्या डावीकडे घट एक टक्क्याहून कमी होती आणि उजवीकडे दोन टक्क्यांहून जास्त. ग्रहाने असे काही केलेले नव्हते. लेन्सच्या कडांना प्रकाश कमी पोहोचतो, त्याची भरपाई करणारी माझी फ्लॅट छायाचित्रे कच्ची होती, आणि ती कसर पायरीच्या रूपाने वर आली. पायरी आणि खळगा वेगळे ओळखण्याची खूण अशी की ग्रह बिंबावर पुरता शिरायला येथे २६ मिनिटे घेतो. एका छायाचित्रातून दुसऱ्या छायाचित्रात झालेली उडी ग्रहाची नसतेच.

यावर उपाय असा की माउंट अधिक्रमण सुरू होण्याआधीच फिरवून घ्यावे, म्हणजे तारा पूर्वेला असतानाच वजनदांडी वर ठेवून सुरुवात करावी. आधी दिवसाच्या उजेडात हाताने फिरवून नळी कोठे आपटत नाही ना ते पाहावे. लहान लेन्स असेल तर ती बहुधा आपटत नाही, आणि म्हणूनही या कामात मोठ्या दुर्बिणीचा हव्यास मी धरत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: माउंटचा अक्ष पुण्यात क्षितिजापासून केवळ साडेअठरा अंशांवर झुकवावा लागतो, आणि युरोप-अमेरिकेसाठी घडवलेल्या काही माउंटांचा स्क्रू इतका खाली येतच नाही. विकत घेण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

फ्लॅट छायाचित्रे म्हणजे एकसारख्या उजळलेल्या पांढऱ्या पृष्ठभागाची छायाचित्रे. लेन्सवर ट्रेसिंग कागदाचे दोन थर ताणून सायंकाळच्या आकाशाची तीस-चाळीस घ्यावीत. फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन रात्रीइतकाच असला पाहिजे. लेन्स झाकून तितक्याच वेळाची वीस डार्क छायाचित्रेही घ्यावीत. ऑक्टोबरच्या रात्री दव पडते. लेन्सभोवती पॉवर बँकेवर चालणारी तापपट्टी बांधली नाही तर साडेदहापर्यंत सगळे तारे विझू लागतात. शहराच्या उजेडाची मात्र फार चिंता करू नये. पानशेतकडे जाता आले तर उत्तमच, पण सातव्या प्रतीच्या ताऱ्याला कोथरूडची गच्चीही चालते, कारण आकाशाचा उजेड स्थिर असेल तर तो वजा करता येतो. अधूनमधून उजळणारा शेजारचा दिवा हा अधिक मोठा शत्रू आहे.

छायाचित्रांतून आलेख

हिशेबासाठी `AstroImageJ` ही मोफत प्रणाली पुरेशी आहे. रॉ छायाचित्रांतून फक्त हिरवे पिक्सेल वेगळे काढावेत, डार्क वजा करावे, फ्लॅटने भागावे. मग ताऱ्याच्या डागाभोवती एक वर्तुळ काढायचे, त्यातील सगळा प्रकाश मोजायचा, आणि वर्तुळाबाहेरच्या कड्यातून आकाशाचा उजेड मोजून तो वजा करायचा. हेच चार-सहा तुलना-ताऱ्यांसाठी करायचे आणि आपल्या ताऱ्याच्या प्रकाशाला त्यांच्या बेरजेने भागायचे. पातळ ढग आला तर तो सगळ्यांचाच प्रकाश कमी करतो, आणि भागाकारात तो बव्हंशी नाहीसा होतो.

तुलना-तारे डोळे मिटून घेऊ नयेत. प्रत्येकाला उरलेल्यांच्या बेरजेने भागून त्याची रेषा सपाट येते का ते पाहावे. एखादा तारा स्वतःच बदलता असेल तर तो वर चढताना आपल्या ताऱ्यात खोटी घट दाखवतो. रंगही जवळचा असावा. एचडी २०९४५८ हा सूर्यासारखा पिवळसर तारा आहे; तांबड्या ताऱ्याशी तुलना केली तर तारे पश्चिमेला कलताना हवा दोघांचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते आणि आलेख हळूहळू एका बाजूला झुकतो. हा झोक खळग्याबाहेरच्या बिंदूंवरून काढून टाकता येतो, आणि त्यासाठीच दोन्ही बाजूंची पाऊण तासाची सपाटी हवी असते.

पाच सेंटीमीटर व्यासाच्या भिंगाने साठ सेकंदांत घेतलेला एकेक बिंदू साधारण ०.३ ते ०.५ टक्क्याने वरखाली होतो. त्यात प्रकाशकणांच्या मोजणीची अनिश्चितता आणि ताऱ्याचे लुकलुकणे यांचा वाटा जवळपास सारखा असतो. दहा मिनिटांतील बिंदूंची सरासरी घेतली की हा थरथराट सुमारे ०.१५ टक्क्यावर येतो आणि दीड टक्क्याचा खळगा स्पष्ट उभा राहतो. येथेच या साधनाची मर्यादाही दिसते. सूर्यासमोरून पृथ्वी जाताना दुसऱ्या ताऱ्यावरून पाहिली तर घट केवळ ०.००८४ टक्के दिसेल. ती कोणत्याही गच्चीवरून दिसणार नाही, कारण वातावरणाचे लुकलुकणेच तिच्यापेक्षा कितीतरी मोठे आहे. २००९ मध्ये केप्लर आणि २०१८ मध्ये टेस ही दुर्बीण अवकाशात पाठवण्यामागे हेच कारण होते.

खळग्याचे वाचन

समजा, आपल्या आलेखात खळग्याचा तळ १.६ टक्के खाली आला आणि एकूण कालावधी ३.०७ तास मिळाला. यातून ग्रहाची कोणती माहिती निघते ते क्रमाने पाहू.

ग्रह ताऱ्याच्या बिंबाचा जितका भाग झाकतो तितका प्रकाश घटतो, आणि बिंबाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून घटीचे वर्गमूळ म्हणजे ग्रहाच्या आणि ताऱ्याच्या त्रिज्यांचे गुणोत्तर. १.६ टक्क्याचे वर्गमूळ ०.१२६ येते. परंतु हा आकडा थोडा फुगलेला आहे. ताऱ्याचे बिंब सगळीकडे सारखे तेजस्वी नसते. मध्यभागी आपल्याला खोलवरचे, अधिक तप्त थर दिसतात आणि कडेला वरचे, थंड थर. सूर्याच्या छायाचित्रातही कडा अशाच काळवंडलेल्या दिसतात. ग्रह आतल्या उजळ भागावर असतो तेव्हा तो आपल्या क्षेत्रफळाच्या वाट्यापेक्षा जास्त प्रकाश अडवतो, त्यामुळे खळग्याचा तळ सपाट न राहता वाटीसारखा गोलसर होतो. कडेच्या या अंधुकपणाचा हिशेब `AstroImageJ` मधील जुळणीत घातला की क्षेत्रफळाची खरी घट १.४६ टक्के आणि गुणोत्तर ०.१२१ येते. हा गोलसरपणा अवरक्त प्रकाशात कमी आणि निळ्या प्रकाशात जास्त असतो.

ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे १.१६ पट, म्हणजे जवळपास ८,०७,००० किलोमीटर आहे. तिला ०.१२१ ने गुणले की ग्रहाची त्रिज्या ९७,६५० किलोमीटर येते, म्हणजे गुरूच्या सुमारे १.३७ पट. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आलेखाने आपल्याला फक्त गुणोत्तर दिले, किलोमीटर ताऱ्याकडून उसने घेतले. कोणी ताऱ्याची त्रिज्या १.२ पट धरली की ग्रहही त्याच प्रमाणात मोठा होतो, आणि वेगवेगळ्या शोधनिबंधांत एकाच ग्रहाचे वेगळे आकडे दिसतात ते पुष्कळदा यामुळेच.

दुसरी पायरी कक्षेची. ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या १.१३ पट धरले आणि ३.५२ दिवसांच्या प्रदक्षिणाकाळाला केप्लरचा तिसरा नियम लावला, तर कक्षेची त्रिज्या सुमारे ७०.६ लाख किलोमीटर येते. बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ७९ लाख किलोमीटर अंतरावर असतो, त्याच्या आठव्या भागाइतकीही ही नाही. कक्षेचा परीघ प्रदक्षिणाकाळाने भागला की वेग ताशी ५ लाख २४ हजार किलोमीटर मिळतो.

आता कालावधीचे गमक. ग्रह बिंबाच्या बरोबर मध्यातून गेला असता, तर त्याला ताऱ्याचा आणि स्वतःचा व्यास मिळून १८ लाख ९ हजार किलोमीटर कापावे लागले असते आणि त्या वेगाने ३.४५ तास लागले असते. आपण मोजले ३.०७ तास. म्हणजे ग्रह मध्यातून न जाता बाजूच्या आखूड जीवेवरून गेला. त्याने कापलेले अंतर पूर्ण अंतराच्या ०.८९ पट आहे, आणि पायथागोरसच्या सिद्धान्ताने ती जीवा केंद्रापासून सुमारे ४ लाख १३ हजार किलोमीटरवर, अर्थात ताऱ्याच्या निम्म्या त्रिज्येवर पडते. ७०.६ लाख किलोमीटरवरून पाहता हे अंतर ३.३५ अंशांचा कोन करते, म्हणून कक्षेचा कल ८६.६५ अंश. हबल दुर्बिणीच्या मोजणीतून ८६.७ अंश आलेला आहे. एक घड्याळ आणि शालेय भूमिती यांच्या बळावर आपण १५० हून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेल्या कक्षेचा कल काढला, याचे मला दर वेळी नवल वाटते.

नवल वाटले तरी त्रुटी विसरू नये. गच्चीवरच्या आलेखात खळग्याची सुरुवात आणि शेवट यांत मिळून आठ-दहा मिनिटांची चूक सहज होते. कालावधी ३.२ तास घेतला तर जीवा केंद्रापासून ०.४२ त्रिज्येवर येते, २.९ तास घेतला तर ०.६१ वर. ग्रहाची त्रिज्या मात्र या चुकीने फारशी हलत नाही. म्हणून आपल्या मोजणीतून निघालेल्या त्रिज्येवर जितका विश्वास ठेवावा, तितका कलावर ठेवू नये.

खळगा ग्रहाचाच कशावरून

खळग्यातून वस्तुमान निघत नाही, आणि हीच या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव आहे. गुरू, त्याच्या कित्येक पट वजनदार तपकिरी बटू आणि अगदी लहान तांबडा तारा या तिन्हींची त्रिज्या जवळपास सारखी असू शकते, त्यामुळे त्यांचे खळगे खोलीवरून वेगळे ओळखता येत नाहीत. एचडी २०९४५८ च्या बाबतीत ताऱ्याचे पुढे-मागे डुलणे सेकंदाला सुमारे ८५ मीटर असल्याचे वर्णपटातून कळले होते आणि कक्षेचा कल खळग्याने पुरवला, म्हणून वस्तुमान गुरूच्या ०.६९ पट निश्चित झाले. वर काढलेल्या त्रिज्येवरून आकारमान काढून भागाकार केला की घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ०.३४ ग्रॅम येते, म्हणजे सागाच्या लाकडाच्या साधारण निम्मी. हा ग्रह फुगलेल्या वायूचा गोळा आहे हे त्यावरून कळले.

अनोळखी ताऱ्यात खळगा दिसला तर मी प्रथम त्याचा आकार पाहतो. तळाला थोडीही सपाटी नसलेला, इंग्रजी व्ही अक्षरासारखा टोकदार खळगा असेल तर दोन तारे एकमेकांना कडेने झाकत असण्याची शक्यता मोठी. त्यानंतर सम आणि विषम क्रमांकाचे खळगे वेगळे काढून त्यांची खोली ताडून पाहतो. दोन जवळजवळ सारखे तारे एकमेकांभोवती फिरत असतील, तर एकदा पहिला झाकला जातो आणि एकदा दुसरा, आणि खोलींत लहानसा फरक राहतो. तिसरी खूण रंगाची: ग्रह जवळजवळ अंधारा असल्याने त्याचा खळगा निळ्या आणि तांबड्या प्रकाशात साधारण सारखाच खोल असतो, तर वेगळ्या तापमानाचा तारा झाकत असेल तर खोली रंगानुसार ठळकपणे बदलते. टेसच्या एका पिक्सेलमध्ये २१ विकलांचे आकाश येते, आणि त्यात शेजारचा एखादा मंद ग्रहणकारी जोडतारा मिसळला तर मुख्य ताऱ्यात ग्रहासारखी उथळ घट दिसते. अशा वेळी घट नेमकी कोणत्या ताऱ्यात झाली हे जमिनीवरून पाहावे लागते, आणि हौशी निरीक्षकांच्या दुर्बिणींना त्यात खरोखरचे काम असते.

रंगानुसार होणारा अगदी सूक्ष्म बदल मात्र ग्रहाच्या वातावरणाचा असतो. सोडियमच्या पिवळ्या रेषेत हाच खळगा ०.०२ टक्क्याच्या आसपास अधिक खोल होतो, असे हबलच्या निरीक्षणांतून २००२ साली प्रसिद्ध झाले. परग्रहाच्या वातावरणाचा तो पहिला पुरावा होता. तो फरक आपल्या दहा मिनिटांच्या सरासरीच्या थरथराटाच्या सातव्या भागाइतका आहे, त्यामुळे गच्चीवरून त्याचा शोध घेण्यात अर्थ नाही.

गच्चीवरून चांगली मिळते ती वेळ. जुळणीतून खळग्याचा मध्य दोन-तीन मिनिटांच्या अचूकतेने निघतो, आणि तो अपेक्षित वेळेशी ताडून पाहता येतो. एखादा अदृश्य सोबती ग्रह ओढाताण करत असेल तर अधिक्रमणे पुढे-मागे होतात, म्हणून फरक दिसला की मन लगेच तिकडे धावते. या ताऱ्याच्या बाबतीत फरक साडेपाच-सहा मिनिटांचा आला तर सूर्यकेंद्री वेळेची दुरुस्ती राहून गेली असे समजावे. तो बरोबर अर्ध्या मिनिटाचा असेल तर छायाचित्राच्या नोंदीत उघडझापेची सुरुवात लिहिलेली असते, मध्य नव्हे, हे आठवावे. आणि याहून वेगळा काही असेल, तर कॅमेऱ्याचे घड्याळ शेवटचे कधी लावले होते ते तपासावे. डीएसएलआरचे घड्याळ महिन्याभरात मिनिटभर भरकटणे अगदी नेहमीचे आहे.